घाटातील चढ, छोटे इंजिन आणि एसीचा भार

गेल्या २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी आमच्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी सहकुटुंब महाडला गेला होता. परतताना त्याने पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि तेथून सातारा असा मार्ग धरला. गाडी आठशे सीसीची, तीन सिलिंडरची. आत पाच माणसे, डिकीत सामान. गाडी महाडला तीन तास उन्हात उभी होती, म्हणून एसी पूर्ण वेगाने सुरू ठेवलेला. सपाटीवर काहीच जाणवले नाही. घाट लागला आणि एका चढ्या वळणाच्या अलीकडे गाडीचा पिकअप गेला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, गिअर तिसरा, आणि काटा ३५ वरून घसरत २५ वर आलेला. मागे एसटी येऊन भिडली होती. त्याने घाईने एसी बंद केला, तरी गाडीने वेग घेतला नाही. शेवटी ती वळणावरच बंद पडली. मागच्या आसनावर त्याची आई होती. हँडब्रेक ओढून गाडी पुन्हा सुरू होईपर्यंतची ती दोन मिनिटे घरातील सर्वांनाच जड गेली.

घरी पोचल्यावर त्याने दूरध्वनी केला. त्याचे म्हणणे असे : "सर, एसी बंद करूनही गाडी ओढली नाही. म्हणजे दोष एसीचा नाही, इंजिनच थकले आहे. गॅरेजवाले क्लचप्लेट बदला म्हणतात, आणि मला वाटते गाडीच विकून टाकावी."

त्याचा तर्क वरवर पाहता बिनचूक वाटतो. एसी हे कारण असते, तर एसी बंद करताच परिणाम थांबला असता. परंतु या तर्कात एक पायरी सुटली आहे. ती कोणती, हे पाहण्यासाठी एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून काय घेतो आणि चढावर इंजिनाजवळ देण्यासारखे किती असते, हे दोन्ही नीट समजून घ्यावे लागते. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

कॉम्प्रेसर इंजिनाकडून काय घेतो

वसतिगृहात ज्यांनी सायकल चालवली आहे, त्यांना डायनॅमो आठवत असेल. तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पॅडल जड व्हायचे. दिव्याचा उजेड आपल्या पायांतूनच येत असे. गाडीचा एसी अगदी याच न्यायाने चालतो. घरातील एसी विजेवर चालतो, पण पेट्रोल गाडीतील कॉम्प्रेसर इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून आलेल्या पट्ट्याने फिरतो. एसीचे बटण दाबले की बॉनेटखाली 'टक्' असा आवाज येतो. तो कॉम्प्रेसरच्या मॅग्नेटिक क्लचचा. तोपर्यंत पुली नुसतीच फिरत असते. क्लच चिकटला की पुलीबरोबर कॉम्प्रेसरही फिरू लागतो आणि इंजिनावर भार येतो.

कॉम्प्रेसरचे काम सायकलच्या पंपासारखे आहे. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये गॅस कमी दाबाखाली असतो. तेथील दाब साधारण ३० ते ४० पीएसआय, म्हणजे टायरमधील हवेइतकाच. केबिनमधील उष्णता घेऊन परतलेला हा गॅस कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबून कंडेन्सरकडे पाठवतो. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. तेथील दाब उन्हाळ्याच्या दिवशी २०० ते २५० पीएसआयपर्यंत असतो. दाबल्यामुळे गॅस तापतो, समोरून येणाऱ्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो आणि पुन्हा कूलिंग कॉइलकडे जातो.

पंप मारताना टायर जसजसा भरत येतो तसतसा दांडा जड होतो, हा अनुभव सर्वांचा आहे. कॉम्प्रेसरचेही तेच. पुढच्या बाजूचा दाब जितका अधिक, तितका त्याला फिरवणे जड. म्हणून एसीचा भार हा ठरावीक आकडा नव्हे. छोट्या गाडीत तो इंजिनाच्या वेगानुसार आणि उष्म्यानुसार साधारण तीन ते पाच अश्वशक्तीच्या दरम्यान राहतो. गाडी उन्हात तापलेली असली की सुरुवातीला तो सर्वाधिक असतो, कारण कॉम्प्रेसरला विश्रांतीच मिळत नाही. केबिन गार झाल्यावर आणि कूलिंग कॉइल गोठण्याच्या जवळ आल्यावर क्लच आपोआप सुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतो. छोट्या गाडीत चढावर जो हलकासा हिसका मधूनमधून जाणवतो, तो या सुटण्या-लागण्याचा. तो बिघाड नव्हे.

आता घाटाचा विचार करा. कंडेन्सरला थंड करते ती समोरून येणारी हवा. सपाट रस्त्यावर ताशी ७० किलोमीटर वेगाने जाताना ती भरपूर मिळते. घाटात वेग २५–३० वर येतो, हवा कमी होते आणि सारी मदार कंडेन्सरसमोरच्या किंवा मागच्या पंख्यावर येऊन पडते. हवा कमी म्हणजे दाब अधिक, आणि दाब अधिक म्हणजे कॉम्प्रेसर जड. ज्या जागी इंजिनाला शक्तीची सर्वाधिक निकड असते, नेमक्या त्याच जागी एसी आपला वाटा वाढवून मागतो.

चढाचा हिशेब

आता आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचा हिशेब मांडू. आकडे या वर्गातील गाडीला लागू पडतील असे, पूर्णांकात धरलेले आहेत. एखाद्या गाडीत ते थोडे इकडे-तिकडे होतील, पण त्यांतून दिसणारे चित्र बदलणार नाही.

माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन ११०० किलो. चढ बारा मीटरला एक मीटर. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे ८३ सेंटीमीटर वर उचलली जाते. केवळ हे वजन उचलण्यासाठी १२ अश्वशक्ती लागते. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांसाठी अडीच, गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी सुमारे दीड. एकूण गरज १६ अश्वशक्ती.

गाडीच्या माहितीपत्रकात ४८ अश्वशक्ती लिहिलेली असते. मग १६ ची अडचण का व्हावी? कारण ४८ हा आकडा इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेते तेव्हाचा आहे. इंजिनाची शक्ती ही त्याच्या प्रत्येक फेऱ्यातील जोर आणि फेऱ्यांची संख्या यांचा गुणाकार असते. फेरे कमी तर शक्तीही कमी. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी त्या फेऱ्यांना जेवढी शक्ती शक्य आहे, तेवढीच मिळते.

ताशी ३६ च्या वेगात तिसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन मिनिटाला साधारण २,१०० फेरे घेते. तेथे ते पूर्ण ताकदीने १८ अश्वशक्ती देते. गरज १६ ची. म्हणजे एसी बंद असताना गाडी चढते, हाताशी दोन उरतात. आता एसी लावा. कॉम्प्रेसर साडेतीन घेतो. चाकांसाठी उरतात साडेचौदा. गरजेपेक्षा दीड कमी. गाडी वेग सोडू लागते.

मोठ्या गाडीत हे का जाणवत नाही, याचे उत्तरही येथेच आहे. दीड लिटरचे टर्बो डिझेल इंजिन २,१०० फेऱ्यांना साठाच्या आसपास अश्वशक्ती देते. त्यातून साडेतीन-चार गेल्या, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आठशे सीसीच्या इंजिनाच्या अठरांतून साडेतीन जाणे म्हणजे ताटातील पाचवा हिस्सा उचलला जाणे होय. एसीची भूक दोन्हींकडे जवळजवळ सारखीच, पण ताट लहान आहे.

एसी बंद करूनही गाडी का उचलली नाही

आता सुटलेल्या पायरीकडे येऊ. गाडीचा वेग कमी झाला, तर चढायला लागणारी शक्तीही कमी होते. मग कमी वेगात तरी हिशेब जुळून गाडी स्थिर व्हायला हवी होती. तसे होत नाही, कारण वेगाबरोबर इंजिनाचे फेरेही कमी होतात आणि इंजिनाची शक्ती गरजेपेक्षा अधिक झपाट्याने उतरते.

वेग ३६ वरून २७ वर आला असे समजा. गरज १२ अश्वशक्तीवर आली. पण तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आता १,६०० च्या खाली गेले, आणि तेथे ते जेमतेम १२ देते. एसी त्यातील अडीच घेतो, उरतात साडेनऊ. आधी दीडची तूट होती, आता अडीचची झाली. वेग घटल्याने तूट मिटली नाही, वाढली. म्हणून गाडी एकदा घसरायला लागली की घसरतच जाते. मिनिटभरापूर्वी ठीक चालणारी गाडी वळणावर एकाएकी 'मेल्यासारखी' का वाटते, त्याचे कारण हेच.

या २७ च्या वेगाला आमच्या विद्यार्थ्याने एसी बंद केला असे धरा. अडीच अश्वशक्ती परत मिळाली. इंजिनाजवळ १२ आहेत, गरज १२ ची आहे. हिशेब जुळला, पण वेग वाढवण्यासाठी शिल्लक शून्य. गाडी आहे त्या वेगाने रेंगाळेल, वर उचलणार नाही. त्याने तर २५ वर आल्यावर बंद केला. पुढे वळण आले, चढ आणखी तीव्र झाला आणि इंजिन बंद पडले. त्याने काढलेला निष्कर्ष या ठिकाणी चुकला. वेग घालवला तो एसीच्या भारानेच. परंतु गेलेला वेग परत आणायला नुसता भार काढून पुरत नाही, त्यासाठी शक्तीची शिल्लक लागते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये तेवढ्या कमी फेऱ्यांना ती नव्हतीच. जे कारण सुरुवातीला घडले, त्याचा परिणाम पुढे स्वतःच नवे कारण बनला होता.

शिल्लक मिळते ती गिअर उतरवल्याने. ताशी ३६ ला दुसरा गिअर टाकला तर इंजिनाचे फेरे ३,४०० च्या आसपास जातात. तेथे ते ३२ अश्वशक्ती देते. कॉम्प्रेसरही आता अधिक वेगाने फिरतो आणि पाच अश्वशक्ती घेतो. तरी चाकांसाठी २७ उरतात, गरज मात्र १६ चीच. एसी चालू असूनही अकरा अश्वशक्ती शिल्लक! तीच गाडी, तोच चढ, तीच पाच माणसे. तिसऱ्या गिअरमध्ये एसी बंद करून जी शिल्लक दोनची होती, ती दुसऱ्यात एसी चालू ठेवूनही पाचपट होते.

यातून निघणारा नियम असा. चढावर छोट्या गाडीचा पहिला उपाय गिअर हा आहे, एसीचे बटण हा दुसरा. आणि दोन्हींसाठी वेळ महत्त्वाची. चढ दिसताच, वेग हातात असतानाच गिअर उतरवावा. नागमोडी वळणाच्या आधी तर नक्कीच, कारण वळणावर वेग १५ च्या खाली येतो आणि तेथे दुसराही पुरत नाही, पहिला लागतो. इंजिनाचा आवाज वाढला की अनेकजण घाबरून वरचा गिअर टाकतात. ३,५०० फेऱ्यांचा तो आवाज इंजिनाला अपायकारक नाही. तिसऱ्यात १,५०० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर जो गुरगुरता, ठोकल्यासारखा आवाज येतो, तो मात्र अपायकारक आहे.

उंचीचाही थोडा हिशेब ठेवावा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवा पोलादपूरपेक्षा सुमारे बारा टक्के विरळ असते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी होते. तिसऱ्या गिअरमधील १८ तेथे १६ होतात. म्हणजे घाटमाथ्याजवळ तसाच चढ आला, तर एसी बंद ठेवूनही तिसरा गिअर पुरणार नाही. घाट चढताना गाडी 'हळूहळू थकत गेली' असे वाटते, त्यात हा भाग असतो.

काही गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाचा संगणक कॉम्प्रेसरचा क्लच काही सेकंद आपोआप सोडतो. ओव्हरटेक करताना त्याचा उपयोग होतो. लांबलचक चढावर तो पुरत नाही, कारण ते काही सेकंद संपताच भार परत येतो, आणि तोही चालकाच्या नकळत.

हे नैसर्गिक की बिघाड, हे कसे ओळखावे

क्लचप्लेट बदलण्यापूर्वी आम्ही त्याला एक चाचणी करायला सांगितली. सातारा परिसरातील एक ओळखीचा, कमी रहदारीचा चढ निवडायचा. पायथ्याशी वेग सारखा, गिअर दुसरा, माणसे तेवढीच. एकदा एसी सुरुवातीपासून बंद ठेवून चढायचे, एकदा सुरुवातीपासून चालू ठेवून. एसी मध्येच बंद-चालू करायचा नाही. त्याने मध्येच बंद केला होता, आणि फसगत तेथेच झाली होती.

एसी बंद असताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मोकळेपणाने चढली. इंजिनाचे फेरे वाढले तसा वेगही वाढला. याचा अर्थ इंजिन आणि क्लचप्लेट दोन्ही ठीक. क्लचप्लेट घसरत असती, तर इंजिनाचा आवाज चढला असता आणि वेग तेथेच राहिला असता, करपल्यासारखा वासही आला असता. एसी बंद असतानाही गाडी दुसऱ्यात ओढत नसती, तर मग एअर फिल्टर, स्पार्क प्लग, पेट्रोलचा फिल्टर किंवा चाकाला घासणारा ब्रेक यांकडे पाहावे लागले असते.

एसी लावून चढताना मात्र फरक अपेक्षेपेक्षा अधिक जाणवला. म्हणून कॉम्प्रेसरचा भार वाजवी आहे का, हे पाहणे आले. सपाट जागी गाडी सुरू ठेवून, बॉनेट उघडून एसी लावला. क्लचचा 'टक्' आला, इंजिन क्षणभर बसले आणि सावरले. हे योग्य. कंडेन्सरचा पंखाही फिरत होता. पट्टा किंचाळत नव्हता, कॉम्प्रेसरमधून घरघर येत नव्हती. पण टॉर्च लावून समोरच्या जाळीतून पाहिले, तेव्हा कंडेन्सरच्या पातळ पापुद्र्यांत धूळ, किडे आणि वाळका पाला घट्ट बसलेला दिसला. एसीच्या कारागिराने दाब मोजला, तो २८० पीएसआय निघाला. कंडेन्सर पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने, पापुद्रे न वाकवता धुतल्यावर त्याच दुपारी तो २२० वर आला. जास्तीचा भार तेथे होता. खर्च फक्त धुण्याचा झाला. क्लचप्लेट बदलली गेली असती, तर पैसे गेले असते आणि पुढच्या घाटात गाडी तशीच वागली असती.

दाब वाढण्याची आणखी दोन कारणे नेहमी आढळतात. पंखा बंद पडलेला असणे हे एक. तेव्हा चालत्या गाडीत एसी गार देतो आणि थांबल्यावर किंवा घाटात गरम हवा येते, हे त्याचे लक्षण. दुसरे, गॅस गरजेपेक्षा जास्त भरलेला असणे. 'थोडा जास्त भरा, अधिक गार होईल' असे सांगणारे ग्राहक पुष्कळ असतात. प्रत्यक्षात गारवा वाढत नाही, दाब आणि भार वाढतो. गॅस गाडीसाठी ठरवून दिलेल्या वजनानेच भरून घ्यावा.

घाटात एसी बंद करणे अटळ होते ती वेळ एकच : इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागतो तेव्हा. कंडेन्सरने तापवलेली हवाच पुढे रेडिएटरला मिळते, म्हणून एसी बंद करताच रेडिएटरला दिलासा मिळतो. त्याउपर काटा चढत राहिला, तर काचा उघडून हीटर पूर्ण लावावा. प्रवाशांना त्रास होतो, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. तरीही उतार न पडल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन थंड होऊ द्यावे आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये.

एसी चालूच ठेवायचा असेल, तर त्याची भूक कमी करता येते. उन्हातली गाडी सुरू करताना दोन मिनिटे काचा उघड्या ठेवून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी. नंतर बाहेरची हवा आत घेण्याचा खटका बंद करून आतलीच हवा फिरवावी. कोकणातील दमट हवा बाहेरून येत राहिली, तर तिच्यातील बाष्पाचे पाणी करण्यातच एसीची बरीच शक्ती खर्च होते. केबिन गार झाली की ब्लोअर एक-दोन टप्पे खाली आणावा. कूलिंग कॉइल लवकर थंड होते, क्लच अधिक वेळ सुटलेला राहतो आणि इंजिनाला तेवढा श्वास मिळतो.

एक शेवटची गोष्ट, जी यंत्राची नसून रस्त्याची आहे. अरुंद चढावर वर जाणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे. भरलेली छोटी गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा चढाला लावणे किती कठीण, हे वरील हिशेबावरून ध्यानात येईल. उतरणाऱ्याने क्षणभर थांबणे सोपे असते.

आमचा विद्यार्थी पावसाळ्याआधी त्याच घाटाने पुन्हा खाली गेला आणि वर आला. गाडीत तीच पाच माणसे होती. दुसरा गिअर त्याने वळणाच्या बराच अलीकडे टाकला, आणि एसी शेवटपर्यंत चालू होता. आईला घाट लागल्याचे कळलेच नाही, असे त्याने आम्हांला कळवले. गाडी अजून त्याच्याकडेच आहे.